पायरी ६ नेमकी कुठली? चॅटमधून मेल आणि वर्डमध्ये गेलेल्या एका यादीचं प्रकरण

आमचं काम सोसायट्यांच्या देखभालीचं. ठाण्यात सात-आठ सोसायट्या आमच्याकडे आहेत, लिफ्ट, पंप, हाउसकीपिंग, टाक्या धुणं, सगळं. ऑफिसमध्ये आम्ही बोलतो ते एका चॅटवर, कंपनीनेच दिलंय, ब्राउझरमध्ये उघडतं. त्याचं नाव इथे सांगत नाही कारण जे झालं ते इतरही बऱ्याच चॅटमध्ये होऊ शकतं आणि अर्धी चूक तर माझीच होती.

झालं असं की एका सोसायटीची जमिनीखालची टाकी धुवायची होती. आमचे सुपरवायझर या कामात मुरलेले, त्यांनी चॅटवर पायऱ्या लिहून टाकल्या. नऊ नंबर, आणि तिसऱ्या आणि पाचव्या नंबरखाली दोन-दोन गोल बुलेट. चॅटमध्ये यादी अगदी नीट दिसत होती, बुलेट थोडे आत सरकलेले, नंबर ओळीने १ ते ९. थोडक्यात अशी:

१. दोन दिवस आधी नोटीस लावा
२. पंपाचा एमसीबी बंद करून त्यावर चिठ्ठी लावा
३. उरलेलं पाणी काढा (खाली दोन बुलेट: सबमर्सिबल लावा, तळाचा गाळ बादलीने काढा)
४. भिंती आणि तळ ब्रशने घासा
५. ब्लीचिंगच्या पाण्याने धुवा (खाली दोन बुलेट: हातमोजे-मास्क, एक माणूस कायम वर उभा)
६. साध्या पाण्याने धुऊन ते पाणी बाहेर काढा
७. ब्लीचिंगचा वास येत असेल तर पायरी ६ पुन्हा करा
८. गेट व्हॉल्व्ह उघडून पाणी भरा, झाकण लावा
९. पायरी २ मधली चिठ्ठी काढा, एमसीबी चालू करा

(कंसातलं मी इथे जागा वाचवायला लिहिलंय, मूळ मेसेजमध्ये ते चार बुलेट वेगवेगळ्या ओळींवर होते. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.)

मला ही यादी दोन ठिकाणी पाठवायची होती, सोसायटीच्या सेक्रेटरी मॅडमना मेलवर आणि टाकी धुणाऱ्या टीमला प्रिंट काढून.

मेल आधी केला. चॅटमधला मेसेज माउसने सिलेक्ट केला, जीमेलच्या कंपोजमध्ये कंट्रोल-व्ही, वर दोन ओळी नमस्कार-चमत्कार आणि पाठवला. बघितलं तर बुलेट होते, नंबर होते, म्हटलं झालं काम.

मग वर्ड. तिथे कंट्रोल-व्ही केलं तर चॅटचा फॉन्ट, मागे करडा रंग, मराठी अक्षरं वेगळ्याच साइझची, असं सगळं आलं. मला ते नकोच होतं. माझी जुनी सवय अशी की असं काही झालं की आधी नोटपॅडमध्ये पेस्ट करायचं, तिथून परत कॉपी करून वर्डमध्ये न्यायचं, म्हणजे सगळा रंगरंगोटा धुऊन निघतो. तसंच केलं. आता ओळी साध्या आल्या पण नंबरही गेले आणि बुलेटही गेले, नुसत्या तेरा ओळी एकाखाली एक. मी काय केलं, सगळ्या सिलेक्ट करून वरचं नंबरिंगचं बटण दाबलं. १ ते १३ नंबर लागले, छान दिसलं, प्रिंट काढली, लॅमिनेशन करून पाठवून दिली.

आता बघा काय झालं. तेरा ओळींत चार बुलेट पण नंबर घेऊन बसले. म्हणजे सबमर्सिबल झाला ४, गाळ झाला ५, आणि "भिंती आणि तळ ब्रशने घासा" जे मुळात ४ होतं ते झालं ६. "साध्या पाण्याने धुऊन बाहेर काढा" गेलं १० वर. आणि अकराव्या ओळीत वाक्य तसंच होतं, "ब्लीचिंगचा वास येत असेल तर पायरी ६ पुन्हा करा". कारण ते ६ सुपरवायझरांनी हाताने टाइप केलेलं होतं, ते कशाला बदलेल.

त्या दिवशी वास येत होता. टीममधले काका कागद बघून काम करणारे, त्यांनी पायरी ६ पुन्हा केली, म्हणजे पोरांना परत खाली उतरवून भिंती ब्रशने घासून घेतल्या. मग विचारात पडले की घासून वास कसा जाणार, आणि फोन लावला. "ताई, कागदावर चूक आहे की मला कळत नाहीये?" चूक कागदावरच होती. तासभर गेला, आणि ब्लीचिंगचा वास असलेल्या टाकीत माणसं गरज नसताना परत उतरली, ते जास्त लागलं मला. टाकीत उतरणं ही काय सहज करायची गोष्ट नाही.

आता गंमत म्हणजे मेलमध्येही यादी मोडलीच होती, फक्त वेगळ्या पद्धतीने. मी तेव्हा नीट बघितलंच नव्हतं. काकांच्या फोननंतर सेंटमधला मेल उघडला तर नंबर असे होते: १, २, ३, मग दोन बुलेट, मग परत १, २, मग दोन बुलेट, मग परत १, २, ३, ४. म्हणजे मेलमध्ये पायरी ६ नावाची गोष्टच नाही, आणि पायरी २ तीन आहेत. सेक्रेटरी मॅडमना काही करायचं नव्हतं म्हणून त्या बोलल्या नाहीत, पण हाच मेल काकांकडे गेला असता तर त्यांनी काम सुरू करण्याआधीच फोन केला असता, की सहावी पायरी कुठेय. माझ्या मते मेलमधली मोडतोड बरी, ती डोळ्यांना दिसते. वर्डमधल्या कागदात सगळं जागेवर असल्यासारखं दिसत होतं, ६ नंबर होता, त्यापुढे काम होतं, फक्त ते भलतंच काम होतं.

मग मी एक संध्याकाळ बसून हे उलगडलं, कारण एकाच मेसेजचे दोन वेगवेगळे हाल का झाले हे मला कळत नव्हतं.

पहिली गोष्ट जी मला आधी माहीतच नव्हती: कॉपी केल्यावर क्लिपबोर्डवर एकच वस्तू जात नाही. ब्राउझरमधून सिलेक्ट करून कॉपी केलं की साधारण दोन प्रती जातात, एक साधा मजकूर, एक एचटीएमएल, म्हणजे वेबपान ज्या खुणांनी लिहिलेलं असतं ती. पेस्ट करणारा प्रोग्राम यातली आपल्याला झेपेल ती उचलतो. जीमेलचं कंपोज आणि वर्ड एचटीएमएल उचलतात, जुनं नोटपॅड साधा मजकूर उचलतं. म्हणजे मी एकदा कॉपी केलं पण जीमेलला आणि नोटपॅडला वेगवेगळं काहीतरी मिळालं.

आणि दुसरी गोष्ट, जी यातली खरी मेख आहे: यादीचा बुलेट किंवा नंबर हे अक्षर नसतंच. पानावर फक्त एवढं लिहिलेलं असतं की ही यादी आहे आणि हा तिचा एक घटक आहे, गोळा किंवा आकडा ब्राउझर दाखवताना स्वतःच बाजूला रेखाटतो. तुम्ही माउसने सिलेक्ट करायला गेलात तर बघा, तो गोळा कधी निळा होत नाही. म्हणून क्रोम साधा मजकूर बनवतो तेव्हा त्यात गोळाही नसतो आणि आकडाही नसतो. नोटपॅडमध्ये तेरा बोडक्या ओळी आल्या त्या यामुळे. नोटपॅडने काही गाळलं नाही, त्याला मिळालंच नव्हतं.

आता मेलमध्ये नंबर परत १ पासून का सुरू झाले? त्यासाठी क्लिपबोर्डवरचं एचटीएमएल बघावं लागतं. आमच्या आयटीवाल्या मुलाने युक्ती दाखवली. क्रोममध्ये कुठलंही साधं पान उघडायचं, एफ१२ दाबून Console मध्ये हे टाकायचं:

```js
document.addEventListener('paste', e => {
  console.log(e.clipboardData.types);
  console.log(e.clipboardData.getData('text/html'));
});
```

(पहिल्यांदा करत असाल तर क्रोम पेस्ट करू देत नाही, आधी `allow pasting` असं टाइप करायला सांगतो. अनोळखी माणसाने दिलेला कोड तिथे टाकू नये म्हणून ती सोय आहे आणि ती चांगलीच आहे, हा तुकडा तेवढा निरुपद्रवी आहे.) मग पानावर एकदा क्लिक करायचं आणि कंट्रोल-व्ही. आमचा मेसेज असा निघाला, काटछाट करून देते. यात `ol` म्हणजे नंबरांची यादी, `ul` म्हणजे बुलेटांची आणि `li` म्हणजे यादीतला एक घटक:

```html
<ol><li>नोटीस</li><li>एमसीबी बंद</li><li>पाणी काढा</li></ol>
<ul data-indent="1"><li>सबमर्सिबल</li><li>गाळ</li></ul>
<ol><li>घासा</li><li>ब्लीचिंग</li></ol>
```

आणि पुढे असंच. इथे सगळं उघड झालं. नीट बनवलेल्या यादीत पोटयादी तिसऱ्या `li` च्या पोटात असायला हवी, म्हणजे बाहेरची यादी न तुटता पुढे चालू राहते आणि पुढचा घटक आपोआप ४ होतो. आमच्या चॅटने असं केलंच नव्हतं. त्याने यादीचे पाच तुकडे करून एकाखाली एक ठेवले होते, आत सरकवायचं ते स्वतःच्या `data-indent` वरून आणि नंबर पुढे चालू ठेवायचे तेही स्वतःच्या स्टाईलमधल्या मोजणीवरून. चॅटच्या खिडकीत ही स्टाईल आहे म्हणून १ ते ९ दिसतात. जीमेलला `data-indent` म्हणजे काय हे माहीत असायचं कारण नाही, त्याला दिसली फक्त तीन वेगळी `ol`, आणि प्रत्येक नवीन `ol` चा पहिला नंबर १. जीमेलने आपल्या जागी बरोबरच केलं. चॅटने जर दुसऱ्या तुकड्यावर `<ol start="4">` एवढं लिहिलं असतं तर निदान पुढच्याला कळलं असतं की मोजणी कुठून सुरू करायची.

मेलमध्ये बुलेट आत न सरकता नंबरांच्याच रेषेत आले होते, त्याचंही कारण हेच. मी तेव्हा म्हटलं जीमेलचं असंच असतं, आणि सोडून दिलं. खरं तर तीच खूण होती. पोटयादीचे बुलेट बाहेरच्या नंबरांच्या रेषेत आलेले दिसले की समजायचं यादी तुकड्यांत आलीये, आणि लगेच पुढचा नंबर बघायचा.

हेच दुसऱ्या एका वाटेनेही होतं, आणि त्यात चॅटचा काहीच दोष नसतो. लांब यादी आहे म्हणून तुम्ही पाचव्या पायरीपासून खालचीच सिलेक्ट केली तर पेस्ट होताना ती १ पासून सुरू होते, कारण कॉपीत आधीचे चार घटक नाहीत आणि आकडा तर कुठे लिहिलेला नाहीच. आणि एकाच घटकातला मजकूर सिलेक्ट केला तर बहुतेक वेळा बुलेट येतच नाही, नुसतं वाक्य येतं. काही चॅट आणखी पुढचं करतात, ब्राउझरचा गोळा बंद करून स्टाईलमधूनच स्वतःचा गोळा रंगवतात, तिथे तर पेस्ट केल्यावर गोळा न दिसण्याचीच शक्यता जास्त, कारण रंगवलेला गोळा कॉपीत येत नाही.

यानंतर मी तोच मेसेज आणखी दोन प्रकारे नेऊन बघितला.

चॅटमध्ये मेसेजवर माउस नेला की कॉपीचं छोटं बटण येतं. मी ते कधी वापरत नव्हते कारण त्याने कॉपी केलेलं "कच्चं" दिसतं, ठळक अक्षरांच्या बाजूला चांदण्या राहतात, बुलेटच्या जागी नुसती आडवी रेघ येते. पण आमच्या चॅटचं हे बटण एचटीएमएल ठेवतच नाही, फक्त साधा मजकूर ठेवतं, आणि त्या मजकुरात नंबर खरोखर अक्षरं म्हणून लिहिलेले असतात, 4. म्हणजे चार आणि टिंब असंच टाइप केलेलं. ते जीमेलमध्ये टाका, नोटपॅडमध्ये टाका, वर्डमध्ये टाका, पायरी ६ ही पायरी ६ च राहते. म्हणजे मी ज्याला कच्चं म्हणून टाळत होते तेच या कामाला सगळ्यात भरवशाचं निघालं. प्रत्येक चॅटचं बटण असंच वागेल असं मात्र नाही, काही बटणं दोन्ही प्रती ठेवतात, म्हणून वरचा तुकडा चालवून `types` मध्ये काय येतंय ते एकदा बघून घ्यायचं, `text/plain` एकटं आहे की सोबत `text/html` पण आहे.

अशा मजकुराची वर्डमध्ये खरी यादी करायची असेल तर एक अडचण येते. आपण स्वतः रेघ आणि स्पेस टाइप केली की वर्ड लगेच बुलेट करतो, पण पेस्ट केलेल्या रेघांना तो हात लावत नाही, कारण ती करामत टाइप करताना चालते. त्यासाठी मजकूर सिलेक्ट करून कंट्रोल-ऑल्ट-के दाबायचं, ते वर्डचं AutoFormat, ते रेघांचे बुलेट करू बघतं. मी वापरते पण भीत भीत, ते इतरही काही काही बदलतं, त्यामुळे लगेच वरपासून खालपर्यंत वाचून घ्यायचं.

दुसरा प्रकार सुपरवायझरांच्या आधीच्या मेसेजेसचा. ते पूर्वी यादीचं बटण वापरत नसत, शिफ्ट-एंटर मारून प्रत्येक ओळीआधी हाताने टिंब काढायचे. ते सिलेक्ट करून वर्डमध्ये टाकलं तर टिंबं येतात, कारण ती खरी अक्षरं आहेत, पण अख्खी यादी हा एकच परिच्छेद असतो, ओळीच्या शेवटी वाकडा बाण दिसतो (परिच्छेदाच्या खुणा चालू केल्या तर). बुलेटचं बटण दाबलं की पहिल्या ओळीला बुलेट लागतो आणि बाकीच्या तशाच. यावर मी पूर्वी प्रत्येक ओळीपाशी जाऊन एंटर मारत बसायचे, आता सांगायला पण लाज वाटते. फाइंड-रिप्लेसमध्ये Find what मध्ये `^l` आणि Replace with मध्ये `^p` टाकायचं, Replace All, झालं.

आता परत आमच्या कागदाकडे. तो मी नव्याने केला तेव्हा असं केलं: कॉपी बटणाने मजकूर आणला, त्यातले टाइप केलेले नंबर आणि रेघा काढल्या, वर्डमध्ये बहुस्तरीय यादी लावली आणि चार पोटओळींवर टॅब दाबून त्या एक पायरी आत नेल्या. टॅबने आत गेलेल्या ओळी बाहेरच्या मोजणीत धरल्या जात नाहीत, त्यामुळे "घासा" परत ४ वर आलं. कुठे मोजणी तुटलीच तर त्या नंबरवर राइट क्लिक करून Continue Numbering.

आणि वाक्यातला जो हाताने टाइप केलेला "६" होता तो काढून टाकला. वर्डमध्ये References मध्ये Cross-reference असतं, तिथे Numbered item निवडून ती पायरी निवडली की वाक्यातला आकडा यादीला बांधला जातो, मध्ये एखादी पायरी घुसवली तर सगळं सिलेक्ट करून एफ९ दाबलं की तो बदलतो. हे मी करून बघितलं, चालतं. पण सुपरवायझर म्हणाले, "मॅडम, उद्या तुम्ही हे परत मेलमध्ये टाकणार, तिथे कोण एफ९ दाबणार?" बरोबर होतं त्यांचं. एकदा का वर्डमधून बाहेर पडलं की तो बांधलेला आकडा परत नुसता आकडाच. म्हणून शेवटी वाक्यच बदललं: "ब्लीचिंगचा वास येत असेल तर साध्या पाण्याने परत धुऊन ते पाणी बाहेर काढा", आणि शेवटची ओळ "पंपावरची चिठ्ठी काढा, एमसीबी चालू करा". आकड्याचा उल्लेख कुठेच नाही. आता नंबर गेले, बुलेट गेले, अख्खी यादी एका ओळीत आली तरी काकांना काय करायचं ते कळेल.

उलट दिशेचा एक किस्सा राहिला. सुपरवायझरांनी माझ्या वर्डच्या फाइलमध्ये दोन शब्द दुरुस्त केले आणि तिथून कॉपी करून परत चॅटमध्ये टाकले. चॅटमध्ये बुलेटच्या जागी एक बारीक टिंब आणि पुढे मोठी मोकळी जागा, आणि ते टिंब आता खरं अक्षर, म्हणजे बॅकस्पेसने पुसता येणारं. वर्ड आपल्या यादीतल्या घटकांना एचटीएमएलमध्ये `ul` आणि `li` म्हणून देत नाही, साधा परिच्छेद म्हणून देतो, त्यावर `MsoListParagraph` असा शिक्का आणि टिंब सोबत. ज्या प्रोग्रामला हा शिक्का ओळखता येतो तो त्याची यादी करतो, आमच्या चॅटला ओळखता येत नव्हता. वर्डमधून नंबर असलेलं काही बाहेर न्यायचं असेल तर मी आता आधी फाइलची दुसरी प्रत करते, त्यात ऑल्ट-एफ११ ने एडिटर उघडून कंट्रोल-जी दाबते आणि खालच्या खिडकीत ही एक ओळ टाकून एंटर:

```vb
ActiveDocument.ConvertNumbersToText
```

याने यादीचे सगळे आपोआप लागलेले नंबर आणि बुलेट खऱ्या अक्षरांत बदलतात. मूळ फाइलवर हे करू नका, यादीची यादी राहत नाही मग, पुढे पायरी वाढवली की सगळे नंबर हाताने बदलत बसावं लागतं.

सेक्रेटरी मॅडमना सुधारलेला मेल परत पाठवला, या वेळी कॉपी बटणाने. त्यांचं उत्तर आलं, "आधीच्यात काय चुकलं होतं? मला दोन्ही सारखेच दिसतायत."

काकांकडचा जुना लॅमिनेट केलेला कागद मात्र अजून परत आलेला नाही, ते म्हणतात पंपरूममध्येच कुठेतरी टांगलाय. पुढच्या टाकीच्या आधी तो शोधून फाडायचाय.